तुक्क्याचे मार्क कुणाचे?

लातुरात नीटच्या क्लासला जाणाऱ्या पोरांची रविवारची टेस्ट चुकत नाही. भाचीला सोडायला गेलो, तेव्हा पेपर वाटण्याआधी तिचे फिजिक्सचे सर जे बोलले ते दाराशी उभं राहून ऐकलं.

"सकाळच्या बॅचकडून कुणी प्रश्न विचारून आलं असेल तर आज बसू नका. तुमचं काय कच्चं आहे ते मला कळणार नाही आणि तुम्हालाही नाही. दुसरं, ज्या प्रश्नाला तुक्का माराल, त्याच्यापुढे पेपरवर चांदणी काढा. ओएमआरवर नाही, पेपरवर!"

मग फळ्यावर त्यांनी एक हिशोब मांडला. फिजिक्सचे पंचेचाळीस प्रश्न. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकलं तर एक वजा. एका पोराने चाळीस सोडवले, अठ्ठावीस बरोबर आले, बारा चुकले. ११२ वजा १२, म्हणजे १००.

"आता पेपर उघडा. बरोबर आलेल्यांत सहा चांदण्या आहेत. खऱ्या परीक्षेत हे सहाही उलटे पडले, तर प्रत्येकी पाच मार्कांचा फरक. शंभराचे सत्तर! चुकलेल्या बारांपैकी चार येतच नव्हते. उरलेल्या आठांत कुठे 'चुकीचे विधान कोणते' हे न वाचता बरोबर विधान निवडलं, कुठे सेंटिमीटरचे मीटर केले नाहीत. हे आठ सुधारले तर एकशे चाळीस. पोरगं तेच, पेपर तोच."

एका मुलाने विचारलं, "सर, मग तुक्का मारायचाच नाही का?"

"मार की. चारांतले दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील, तर उरलेल्या दोनांतला एक निवडणं फायद्याचंच. पण घरी गेल्यावर तो प्रश्न चुकला असं समजून परत सोडव."

चुकांच्या वहीत 'सिली मिस्टेक' लिहिलेलं त्यांना चालत नाही. नेमकी कुठल्या ओळीत गाडी घसरली ते लिहायचं. उत्तर वाचून 'हो, कळलं' म्हणायचं नाही. चार दिवसांनी तोच प्रश्न कोऱ्या कागदावर सोडवायचा. तेव्हाही अडला, तर धडा कच्चा आहे. सुटला पण वेळ फार लागला, तर सराव कमी आहे. दोन्हींवरचे उपाय वेगळे.

सर पाचच मिनिटं बोलले असतील. आम्हा पालकांच्या मोबाइलवर मात्र संध्याकाळी फक्त '१००' येतो. त्या आकड्यावरून आम्ही पोरांना शाबासकी देतो किंवा शेजारच्या मुलाचे मार्क विचारतो. तुक्का लपवायला पोरं शिकतात ती इथेच. चांदण्या किती आणि कुठल्या धड्यात, हे आम्ही विचारू लागलो, तर त्या खऱ्या काढल्या जातील.