चारशे रुपयांची डेट आणि पन्नास रुपयांची



आमच्या पॅरिशमधल्या एका कॉलेजकुमाराने मित्राकडून चारशे रुपये उसने घेतले आणि मैत्रिणीला वापीला सिनेमाला नेलं. परत आल्यावर मी सहज विचारलं, "तिला भावंडं किती?" पोराला सांगता येईना. अंधारात अडीच तास पडद्याकडे बघून काय कळणार? उधारी मात्र डोक्यावर राहिली.

मी त्याला म्हटलं, पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर दमणगंगेच्या काठाने चाला. दोन चहा, शेंगदाण्याची पुडी, पन्नास रुपयांत भागतं. समोरासमोर बसलं की लाजाळू माणूस गप्प होतो. शेजारी चालताना नजर रस्त्यावर असते, त्यामुळे जड गोष्टही तोंडातून निघते. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे आठवा. मनातलं सगळं दुःख त्यांनी चालता चालताच बोलून टाकलं.

पण नुसतं चालून भागत नाही. आर्थर ऍरन या मानसशास्त्रज्ञाने 1997 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी जोड्यांना त्याने पाऊण तासासाठी 36 प्रश्न दिले, आधी सोपे, मग हळूहळू खोल. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनीही द्यायचं. वरवरच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली.

आपल्याला 36 नकोत, सहा पुरेत. दोघांनी घरूनच तीन-तीन लिहून आणायचे. सुरुवात सोपी: घरात तुझं सगळ्यात जास्त कोणाशी पटतं? मग: घरात पैशाची ओढाताण झाली तेव्हा कोणी काय केलं? शेवटी: आईवडील थकले की ते कोणाकडे राहतील? मोबाईल खिशात.

चूक होते ती दोन ठिकाणी. एक जण विचारत सुटतो आणि दुसरा मुलाखत दिल्यासारखी उत्तरं देतो. म्हणून विचारणाऱ्यानेही उत्तर द्यायचंच. दुसरं, तिने अडचण सांगितली की हा लगेच सल्ला देतो, आणि ती गप्प होते. तिथे "मग काय झालं?" एवढंच विचारावं. एखाद्या प्रश्नावर "आज नको" म्हणायचीही मोकळीक हवी.

तो पोरगा गेला. तिसऱ्या प्रश्नावर ती सांगू लागली की वडिलांची नोकरी सुटली आहे, तीच शिकवण्या घेऊन भावाची फी भरते. सिनेमाला खर्च झालेला बघून तिला उलट संकोच वाटला होता.

आपलं गाव लहान, लोक बोलतात. म्हणून वर्दळीची जागा निवडावी, घरी सांगून जावं आणि दिवेलागणीपूर्वी परतावं. घरी आल्यावर एवढंच तपासा: तिच्याबद्दल, त्याच्याबद्दल, काल माहीत नसलेल्या तीन गोष्टी सांगता येतात का? येत नसतील तर बोललात तुम्ही एकटेच.

आईबापांनो, तुम्हीही पोरांना "कुठे गेला होतास?" यापेक्षा "काय बोललात?" हे विचारा.

— एक वाचक, सिल्वासा