बंधपत्राचा धाक आणि कायदा

चेन्नईतील सॉफ्टवेअर कंपनीचे नियुक्तिपत्र हाती आलेला नवपदवीधर वेतनाचा आकडा पाहून सही करतो. त्यातील जाचक वाटणारी तिन्ही कलमे मात्र सारख्या ताकदीची नसतात. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जाण्यास मनाई करणारे कलम सर्वांत दुबळे. भारतीय करार कायद्याचे कलम २७ ते निरर्थक ठरवते. नोटिशीची मुदत न पाळल्यास करारानुसार तेवढ्या दिवसांचे वेतन मागता येते, पण न्यायालय कोणालाही जबरदस्तीने कामावर बसवत नाही.

खरा वाद प्रशिक्षण-बंधपत्राचा आहे. विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. त्याचा दाखला आता खासगी कंपन्याही देतील. पण तेथे सार्वजनिक बँकेच्या खुल्या भरतीप्रक्रियेचा खर्च आणि एका वरिष्ठ अधिकाऱ्याचे पद विचारात घेतले गेले होते. दोन आठवड्यांच्या प्राथमिक ओळखवर्गासाठी नवख्याकडून तेवढीच रक्कम मागणे वेगळे. कलम ७४ नुसार करारातील आकडा ही कमाल मर्यादा असते. हाती पडते ती वाजवी भरपाई. दोन वर्षांच्या बंधपत्रातील दीड वर्ष सेवा झाली असेल, तर पूर्ण रकमेचा आग्रह टिकणे कठीण.

म्हणूनच प्रशिक्षणाचा प्रत्यक्ष खर्च नियुक्तिपत्रातच नोंदवणे आणि सेवेच्या प्रत्येक महिन्यागणिक देय रक्कम घटवणे कायद्याने बंधनकारक करावे. तोवर बंधपत्र हे भरपाईचे साधन कमी आणि धाकाचे अधिक राहील.