जागा सोडण्याआधी

कन्फर्म तिकीट असलेला प्रवासी वेळेत काउंटरवर पोहोचतो आणि विमान भरले आहे असे ऐकतो, तेव्हा पहिला फोन तिकीट काढून देणाऱ्या एजंटाला येतो. त्या वेळी प्रवाशाला एकच प्रश्न विचारावा: तुम्ही स्वखुशीने जागा सोडताय, की तुम्हाला नाकारली गेली?

डीजीसीएच्या नियमानुसार विमानात जागा कमी पडल्या तर कंपनीने आधी स्वेच्छेने थांबणारे प्रवासी शोधायचे असतात. त्यांना काय द्यायचे हे कंपनी ठरवते. त्याला किमान रक्कम नाही. त्यामुळे पुढच्या विमानातली कन्फर्म जागा, जेवण, गरज पडल्यास हॉटेल आणि रोख की व्हाउचर, हे सगळे होकार देण्याआधी लिहून घ्यावे. व्हाउचर असेल तर त्याची मुदतही पाहावी.

जबरदस्तीने थांबवलेल्याचा हिशेब मात्र नियमात आहे. मूळ वेळेपासून तासाभरात सुटणारे दुसरे विमान दिले तर भरपाई नाही. २४ तासांच्या आत सुटणारे दिले तर एकेरी मूळ भाडे आणि इंधन आकार यांच्या बेरजेच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर ४०० टक्के, कमाल २०,०००. प्रवाशाने दुसरे विमान नाकारले तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत आणि वर ही ४०० टक्क्यांची भरपाई.

समजा, पुणे–दिल्ली तिकीट ६,२०० रुपयांचे आहे; त्यात मूळ भाडे ४,१०० आणि इंधन आकार ६००. गणित ४,७०० वर होते, ६,२०० वर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचे विमान मिळाले तर ९,४०० रुपये. म्हणजे संध्याकाळी गेटवर कोणी पाच हजारांचे व्हाउचर पुढे करून सही मागितली, तर ती सही किती महाग पडते ते दिसते. प्रवाशाला घाई नसेल, रक्कम पटत असेल, तर खुशाल थांबावे. पण स्वेच्छेच्या कागदावर सही केल्यावर ९,४०० वर हक्क सांगता येत नाही. म्हणून भाड्याची फोड दाखवणारे बिल प्रवाशाकडे आधीच असायला हवे. ते देणे आपले काम आहे.

ओव्हरबुकिंग नसतानाही ही वेळ येते. सप्टेंबर २०२४ मध्ये अकासाच्या बेंगळुरू–पुणे उड्डाणासाठी बदली विमान आणले, त्यातल्या काही आसनांवर बसता येत नव्हते आणि सात प्रवाशांना मागे ठेवले गेले. भरपाई दिली नाही म्हणून डीजीसीएने डिसेंबरमध्ये कंपनीला १० लाखांचा दंड केला. ‘तांत्रिक कारण आहे’ एवढ्यावर आपल्या ग्राहकाने परत फिरू नये.

उशिरा पोहोचलेल्याला मात्र यातले काही मिळत नाही. म्हणून काउंटरवर पोहोचल्याची वेळ दिसेल असा फोटो काढायला सांगा, नकाराचे कारण लेखी मागायला सांगा आणि कंपनीने दाद दिली नाही तर एअरसेवा पोर्टलवर तक्रार आपण स्वतः भरून द्या.