आभारपत्रातील हिशेब

आमच्या वसतिगृहातून बारावी उत्तीर्ण झालेली एक विद्यार्थिनी देणगीदारांसाठी लिहिलेले आभारपत्र माझ्याकडे तपासावयास घेऊन आली. तिला जी.एन.एम. या तीन वर्षांच्या परिचर्या अभ्यासक्रमासाठी पंधरा हजार रुपयांचे साहाय्य मिळाले होते. ‘आपले उपकार सात जन्मांत फिटणार नाहीत’, असा पत्राचा आरंभ होता. मी विचारले, “बाळ, सात जन्म आपण मानतो का?” ती हसली आणि कागद परत घेऊन गेली.

दुसऱ्या पत्रात तिने लिहिले होते : वसतिगृहाची अनामत आणि पहिल्या महिन्याची खानावळ यांस आठ हजार, गणवेश व बूट यांस अडीच हजार, पुस्तकांस तीन हजार, उरलेले दीड हजार येण्याजाण्यासाठी. शासनाची शिष्यवृत्ती पुढे मिळेल. परंतु प्रवेशाच्या वेळी रोख लागते आणि आई शेतमजुरी करते. इंग्रजी कच्चे आहे, म्हणून रोज दोन पाने शब्दकोश घेऊन वाचते. परीक्षा झाल्यावर नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करून तालुक्याच्या रुग्णालयात काम मिळवावयाचे आहे. पैसे साठले, तर पुढे पोस्ट बेसिक बी.एस्सी.

माझ्या मते कृतज्ञता ती हीच. पैसा कोठे गेला आणि त्यातून काय करावयाचे आहे, हे जाणण्याचा देणाऱ्यास अधिकार आहे. घेणाऱ्याची मान वाकलेली पाहण्याचा नाही. मुलांना व्यासपीठावर उभे करून धनादेशासह छायाचित्र काढण्याची प्रथा मला म्हणूनच खटकते.

बाबासाहेबांचे उदाहरण आपणांसमोर आहे. १९१३ साली बडोदे संस्थानाने त्यांना अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, ती लेखी करार करून. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची सेवा करावी, अशी त्यात अट होती. सयाजीराव महाराजांविषयी बाबासाहेबांना आदर होता. पण व्यवहार दोन्ही बाजूंनी स्पष्ट होता. १९१७ साली ते बडोद्यास रुजूही झाले. तेथे अस्पृश्य म्हणून राहावयास घर मिळेना, कचेरीत शिपायांची वागणूक अपमानास्पद, आणि अल्पावधीतच त्यांना मुंबईस परतावे लागले. करार मोडला तो कृतघ्नतेने नव्हे. विद्यार्थ्याने लिहिलेला बेत फसला, तर आधी त्याच्या वाटेत काय आले ते विचारावे, एवढे आपल्या देणगीदारांनी या प्रसंगावरून ध्यानी घ्यावे.

त्या मुलीला हा इतिहास मी सांगितला नव्हता. तरीही पत्राच्या शेवटी तिने लिहिले होते, “दर सहा महिन्यांनी गुणपत्रक किंवा प्रगतीचे पत्र पाठवीन. एखाद्या विषयात नापास झाले तर तेही कळवीन.” मी ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि पत्र पाकिटात घातले.