विम्याच्या क्लेमची चौकशी करायला माणूस घरी आला तर?

समजा, ४१ वर्षांच्या रिक्षाचालकाने आयुर्विमा काढला आणि १४ महिन्यांत हार्ट अटॅकने त्याचा मृत्यू झाला. पत्नीने क्लेम केला आणि काही दिवसांत कंपनीचा तपासनीस दारात आला. पॉलिसी तीन वर्षांची व्हायच्या आत मृत्यू झाला की कंपन्या सहसा अशी चौकशी करतात.

पॉलिसी घेताना आजार लपवला होता का, हे त्याला शोधायचं असतं. म्हणून तो फॅमिली डॉक्टर, सुरू असलेली औषधं, जुने ॲडमिशन आणि इतर पॉलिसींबद्दल विचारतो. शेजाऱ्यांशीही बोलतो.

त्याचं ओळखपत्र आणि कंपनीचं पत्र आधी पाहा. तो पोलीस नाही, घराची झडती घेऊ शकत नाही. खरं तेच सांगा, पण अंदाज नको. "शुगर बहुतेक दोन वर्षं होती" हे सहज बोललेलं वाक्य जबाबात गेलं, तर तेच क्लेम नाकारायचं कारण ठरू शकतं. जबाब वाचूनच सही करा, त्याचा फोटो ठेवा. कोऱ्या कागदावर सही नकोच.

चौकशी धरूनही कंपनीने ४५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. क्लेम नाकारला, तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

आणि पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली असतील, तर विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार आजार लपवल्याचं कारण कंपनीला पुढे करता येत नाही.