क्यू वाक्यावर नव्हे, हालचालीवर

शालेय नाटकात प्रकाश व ध्वनी यांच्या क्यूंची यादी बहुधा संहितेतील वाक्यांवर बेतली जाते. माझ्या मते ती हालचालींच्या तक्त्यावरून काढावी. मुले वाक्य विसरतात, क्वचित अख्खे पान गाळतात. पाय मात्र तालमीत सरावले की ठरल्या जागीच जातात.

एक प्रसंग घेऊ. तिन्हीसांजेला आई उजव्या विंगेतून येते, मध्यभागी कंदील लावते आणि दारावर थाप पडते. संहितेच्या पानासमोरील कोऱ्या पानावर तिची वाट पेन्सिलीने आखावी. उजवे-डावे प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या नटाचे धरावे. समोर बसून तालीम घेणारे शिक्षक येथे हमखास फसतात. मग यादीत लिहावे : ‘क्यू 4, प्रकाश : आईने कंदिलाची काच खाली करताच मधला दिवा 2 सेकंदांत वाढवणे. क्यू 5, ध्वनी : आई वळून दुसरे पाऊल टाकताच थाप.’ ‘कंदील लावते हं’ या वाक्यावर क्यू 4 बांधला, तर काडी ओढण्याआधीच रंगमंच उजळतो आणि प्रेक्षागृह हसते.

दोन्ही क्यूंची ‘तयार’ ही सूचना मात्र आईच्या प्रवेशालाच द्यावी, कारण क्यू 4 व 5 यांच्यामध्ये ती देण्यास अवधी उरत नाही. पूर्ण अंधारात हालचाल दिसत नाही. तेथे वाक्याचाच आधार घ्यावा लागतो.

रंगीत तालमीत आईची वाट बदलली, तर आधी तक्ता दुरुस्त करावा, मग यादी. तोवर शाई वापरू नये.