चिठ्ठी टाकू नका, चिठ्ठी लिहा

वाटणीच्या बैठकीत मामा-काका मंडळींकडून काही सल्ले हमखास येतात. सगळं विकून पैसे वाटून घ्या, म्हणजे कटकट नको. नाहीतर व्हॅल्युअरकडून किमती काढा आणि सरस-निरस बघून वाटा. आणि अगदीच जमेना, तर देवासमोर चिठ्ठ्या टाका, ज्याच्या नशिबी जे असेल ते त्याला. हे सल्ले देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण सगळ्यांचं गृहीतक एकच आहे आणि ते चुकीचं आहे. घराला, बागेला, दागिन्याला एकच खरी किंमत असते आणि भावंडांनी तिच्यावर एकमत करायचं असतं, असं ही मंडळी धरून चालतात. माझं म्हणणं उलट आहे. एकाच वस्तूची किंमत तिघांच्या लेखी तीन असते, आणि त्या फरकामुळेच प्रत्येकाला आपल्या हिश्शापेक्षा जास्त मिळणं शक्य होतं.

एक उदाहरण घेऊ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत आहे. चिऱ्याचं घर आणि हापूसच्या कलमांची बाग, शिवाय आईच्या पाटल्या. मृत्युपत्र नाही, आई-वडील दोघंही हयात नाहीत. वारस तीन: पुण्यात असलेला थोरला, नाशिकला दिलेली बहीण आणि गावी राहिलेला धाकटा. बाजारात चौकशी केली तर घराचे 21 लाख, बागेचे 30 आणि पाटल्यांचे 6 येतील, म्हणजे एकूण 57 लाख.

विकणाऱ्यांच्या सल्ल्याने गेलं तर प्रत्येकाच्या हाती 19 लाख पडतील, तेही दलाली आणि कर जायच्या आधी. पण धाकट्याने ते घर 36 लाखांखाली सोडलं नसतं, कारण त्याचा संसार त्याच छपराखाली आहे. निवृत्तीनंतर बाग करायची हे थोरल्याने कधीच ठरवून ठेवलंय, त्याच्या लेखी बाग 42 लाखांची. आईच्या हातातल्या पाटल्या बहिणीला 9 लाखांच्या वाटतात. तिघांना ज्या वस्तू बाजारभावापेक्षा मोलाच्या होत्या, नेमक्या त्याच बाजारभावाने परक्याच्या घशात घातल्या. याला मी समानता म्हणेन, पण ही तिघांची सारखी नुकसानी आहे.

चिठ्ठ्यांचं तर विचारूच नका. बाग बहिणीच्या नावावर निघाली, तर फवारणी आणि राखण ती नाशिकहून करणार का? आणि पाटल्या ज्याच्या वाट्याला येतील त्याने 30 लाखांच्या बागेकडे बघत नशिबाला बोल लावायचा? संधी सारखी होती म्हणून हिस्सा सारखा झाला, असं होत नाही. चिठ्ठीचा एकच उपयोग आहे: निकालाचा दोष कुणावर येत नाही. भांडण टळतं, पण मनातली सल जात नाही.

व्हॅल्युअरचा मार्ग या दोन्हींपेक्षा शहाणा, हे मान्य. तो किंमत सांगतो, पण वस्तू कुणी घ्यायची ते सांगत नाही. घर दोघांना हवं असेल तर त्याचा अहवाल तिथेच संपतो. आपल्याकडच्या 1893 च्या वाटप कायद्यालाही हे ठाऊक आहे. मिळकतीचे सोयीने तुकडे पडत नसतील आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त हिश्शाचे मालक विक्री मागत असतील, तर कोर्ट विक्रीचा हुकूम देऊ शकतं. मात्र दुसऱ्या एखाद्या हिस्सेदाराने विक्री मागणाऱ्यांचा हिस्सा मीच घेतो म्हटलं, तर कोर्ट मूल्यांकन करून त्याला संधी देतं, आणि असे दोघं-तिघं पुढे आले तर मूल्यांकनाच्या वर जो जास्त बोलेल त्याला. म्हणजे फिरून बोलीच. गोव्यात तर पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून इन्व्हेंटरीच्या कामात वारसांमधला लिलाव चालत आलाय, आणि 2012 च्या गोवा वारसा कायद्यानेही तो ठेवलाय. हिश्शापेक्षा जास्त घेणाऱ्याने बाकीच्यांना फरकाची रक्कम द्यायची, हे तत्त्व तिथे रुळलेलं आहे.

मग उघडी बोलीच का नको? कारण तोंडावर बोली लावताना माणूस वस्तूवर नाही, भावाच्या चेहऱ्यावर बोलतो. तू तीस म्हणालास तर मी एकतीस. म्हणून मला ब्रोनिस्लाव्ह क्नास्टर या पोलिश गणितज्ञाची रीत पसंत आहे. ह्यूगो स्टाइनहाउस यांनी ती 1948 मध्ये 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकातून जगापुढे मांडली. इथेही चिठ्ठीच आहे, पण टाकायची नाही, लिहायची.

तिघांनी वेगवेगळं बसून प्रत्येक वस्तूपुढे आपली किंमत लिहायची, पाकिटं बंद करायची आणि एकाच वेळी उघडायची. आपल्या तिघांनी काय लिहिलं पाहा. थोरल्याने घराला 30, बागेला 42 आणि पाटल्यांना 6 लाख लिहिले, बेरीज 78. धाकट्याने घराला 36, बागेला 36 आणि पाटल्यांना 6, बेरीज 78. बहिणीने घर आणि बाग बाजारभावानेच धरली, 21 आणि 30, पण पाटल्यांना 9, बेरीज 60. प्रत्येकाचा हक्क त्याच्या स्वतःच्या बेरजेच्या तिसऱ्या हिश्शाइतका: दोघा भावांचा 26-26 लाख, बहिणीचा 20.

वस्तू जास्त लिहिणाऱ्याला. धाकट्याला 36 चं घर मिळालं, हक्क 26 चा, म्हणून त्याने 10 लाख मध्ये ठेवायचे. थोरल्याला 42 ची बाग, त्याने 16 ठेवायचे. बहिणीला 9 च्या पाटल्या मिळाल्या, तिचे 11 येणं आहे, ते तिने उचलायचे. मध्ये 26 जमा झाले, 11 गेले, 15 उरले. हे 15 कुणाचेच नाहीत, म्हणून तिघांचे, प्रत्येकी 5. शेवटचा हिशोब असा: थोरल्याकडे बाग आणि त्याने 11 लाख द्यायचे, धाकट्याकडे घर आणि त्याने 5 द्यायचे, बहिणीकडे पाटल्या आणि रोख 16 लाख.

आता प्रत्येकाला त्याच्याच चष्म्यातून विचारा. थोरल्याच्या हिशोबाने त्याला 31 लाखांचं मिळालं, हक्क होता 26 चा. धाकट्याचंही तेच. बहिणीला 25, हक्क होता 20 चा. प्रत्येकाला स्वतःच्या मोजमापाने 5 लाख वर मिळाले, आणि बाहेरून एक रुपया आलेला नाही.

इथे धाकट्याची बाजू घेऊन कुणी विचारेल, आणि रास्तच विचारेल: घरावर त्याची माया आहे म्हणून त्यालाच दंड का? व्हॅल्युअरच्या भावाने त्याला 2 लाखच द्यावे लागले असते आणि बहिणीला 16 ऐवजी 13 मिळाले असते. खरं आहे, या रीतीत धाकट्याला 3 लाख जास्त पडतात. पण जे घर तो 36 लाखांखाली सोडणार नाही, त्यावरचा हक्क बहीण 21 च्या भावाने सोडते, तेव्हा ती त्याला काहीतरी देते आहे. त्याचा थोडा वाटा तिच्याकडे गेला तर तो दंड नाही. आईच्या औषधपाण्याला, छपराच्या दुरुस्तीला धाकट्याने पदरचे घातले असतील, तर ते पाकिटं लिहिण्याआधी तिघांच्या मिळकतीतून फेडून घ्यावेत. घराच्या किमतीत सेवेचा हिशोब मिसळला की दोन्ही नासतात.

दुसरा आक्षेप लबाडीचा. समजा, धाकटा घराला 36 लिहिणार हे थोरल्याला आधीच कळलं. त्याने घर नको असूनही 30 ऐवजी 35 लिहिले, तर त्याची बेरीज फुगते आणि त्याला 11 ऐवजी 10 लाखांच्या आतच द्यावे लागतात. एक लाखाच्या वर फायदा, फुकट. पण अंदाज चुकला आणि 37 लिहून बसला, तर घर त्याच्या गळ्यात पडतं, बागेसकट 46 लाखांवर द्यावे लागतात, आणि त्याच्या खऱ्या हिशोबाने हाती 31 ऐवजी जेमतेम 26 राहतात, हक्काहूनही किंचित कमी. एका लाखासाठी पाच लाखांचा जुगार. म्हणून पाकिटं एकदम उघडायची, आणि आधी घरोघरी फोन करून अंदाज घेणाऱ्या वहिनींना व मेव्हण्यांना या कामातून दूर ठेवायचं.

ज्याच्याकडे पैसा त्याचंच राज्य, हा आक्षेप मात्र मी उडवून लावणार नाही. धाकट्याकडे 5 लाख रोख नसतील. पण त्याने खिशातले पैसे मोजून किंमत लिहिली तर तो स्वतःचाच हक्क कमी करतो, कारण घराच्या किमतीतला मोठा भाग त्याच्याच हिश्शातून वळता होणार आहे. त्याने 36 लिहावेत आणि उरलेल्या 5 लाखांसाठी तीन-चार वर्षांचे हप्ते मागावेत. हप्ते, मुदत आणि ती फिटेपर्यंत घरावर बहिणीचा बोजा, हे सगळं वाटणीपत्रात लिहून दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं. जिथे तेही झेपत नाही तिथे ही रीत चालत नाही, आणि ओढूनताणून चालवूही नये.

रीतीला आणखीही मर्यादा आहेत. तिघं किंवा अधिक वारस असले की आपल्याला पुरेसं मिळूनही दुसऱ्याचं ताट जास्त भरलेलं दिसण्याची शक्यता उरते. दोघांत तसं होत नाही. आजीचा हंडा, झोपाळा, पितळी समई यांना लाखांत तोलणं वेडेपणाचं. तिथे पाळीने उचलावं: पहिल्या फेरीत थोरला, बहीण, धाकटा, दुसरीत धाकटा, बहीण, थोरला. देव्हाऱ्यातले टाक तर वाटणीत धरूच नयेत, जो रोज नैवेद्य दाखवतो त्याच्याकडे राहू द्यावेत.

आणि शेवटचा आक्षेप, जो बैठकीत नाही, स्वयंपाकघरात ऐकू येतो. बहिणीला कशाला पाकीट? तिला माहेर हवं की हिस्सा? हक्कसोडपत्रावर सही करून घेतली की झालं. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा 1956 पासून मुलाइतकाच आहे, वडिलोपार्जितात 2005 पासून देशभर आणि महाराष्ट्रात तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना 1994 पासूनच. तिला काहीही नको असेल तर तेही तिने पाकीट उघडल्यावर, आपण 16 लाख सोडतोय हे कागदावर बघून सांगावं. भाऊबीजेच्या ताटाशेजारी टाकलेल्या कोऱ्या कागदावर नको.